पावसाळी रोपविक्री आणि बाल्कनीतली बाग

छोट्या रोपवाटिकांची वर्षातली सर्वात मोठी विक्री जून ते ऑगस्ट या काळात होते. ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि त्याच सुमारास उपलब्ध रोपांची यादी गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर येऊ लागते. या वेळेमागे रोपाच्या शरीररचनेचे कारण आहे. पिशवीतून कुंडीत हलवताना रोपाच्या मुळांवरचे अतिशय बारीक मूलरोम तुटतात. मातीतले पाणी ओढून घेण्याचे काम मुख्यतः तेच करतात, आणि ते पुन्हा फुटायला काही दिवस लागतात. मे महिन्यात या दिवसांतही पानांतून भराभर बाष्प बाहेर पडत असते, त्यामुळे रोप मान टाकते. पावसाळ्यात हवाच ओलसर असल्याने पानांतून पाणी कमी उडते आणि नवी मुळे फुटेपर्यंत रोपाला सवड मिळते. मोगरा, जास्वंद, पुदिना यांच्या फांद्या खोचून केलेली छाट कलमेही याच काळात सहज मुळे धरतात.

रोपवाटिकेचीही यात निकड असते. काळ्या पिशवीत वाढलेले रोप ठरावीक मुदतीत विकले गेले नाही, तर त्याची मुळे तळाशी गोल फिरून गुंडाळी करतात आणि वाढ खुंटते. म्हणून जुनी रोपे पावसाच्या सुरुवातीला विकून टाकायची आणि रिकाम्या जागेत पुढच्या हंगामाची कलमे भरायची, हा क्रम बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

जमिनीत लावलेल्या रोपाला हा मोसम मानवतो. बाल्कनीतल्या कुंडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर मुळे श्वास घेतात. त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की श्वास कोंडतो, कारण प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने तो पाण्यात पसरतो. जमिनीतले पाणी खाली झिरपत जाते, कुंडीतले पाणी तळाशी अडते. त्यामुळे पावसाळ्यात कुंडीतल्या रोपाची निगा म्हणजे मुख्यतः मुळांना हवा मिळत ठेवणे. रोपाची निवड, कुंडीचा आकार, मातीचे मिश्रण आणि पाणी देण्याची रीत या सगळ्यांची उत्तरे या एका गोष्टीवरून ठरतात.

आधी बाल्कनीची दिशा

यादीतले रोप निवडण्याआधी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: बाल्कनीत पाऊस किती येतो आणि ऊन किती येते.

महाराष्ट्रात पावसाळ्याचे वारे प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. त्यामुळे पश्चिमेला किंवा दक्षिणेला तोंड असलेल्या बाल्कनीत झड आत येते आणि कठड्याजवळच्या कुंड्या दिवसचे दिवस भिजत राहतात. पूर्वेकडच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो आणि वाराही उलट दिशेचा असतो, म्हणून बाहेर मुसळधार पाऊस चालू असतानाही तिथल्या कुंड्या कोरड्या राहू शकतात. पाऊस पडतोय म्हणून पाणी घालणे थांबवले जाते आणि आतल्या ओळीतली रोपे भर पावसाळ्यात तहानेने सुकतात.

पावसाच्या प्रमाणाचाही फरक मोठा आहे. मुंबईत एकट्या जुलैत सरासरीने जितका पाऊस होतो, तितका पुणे शहरात वर्षभरातही होत नाही. साहजिकच पुण्यात चांगले चाललेले मातीचे मिश्रण मुंबईच्या पश्चिमाभिमुख बाल्कनीत चिखल होऊन बसते. एकाच रोपवाटिकेतून दोन्ही शहरांत रोपे जात असतील, तर दोन्हीकडे एकच सल्ला लागू पडत नाही.

उन्हाच्या बाबतीत जून महिना फसवा असतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे या दिवसांत उत्तरेकडच्या बाल्कनीत उघडीप मिळताच थेट ऊन येते आणि दक्षिणेकडची बाल्कनी सावलीत राहते. ऑगस्टपासून सूर्य दक्षिणेकडे सरकतो. हिवाळ्यात दक्षिणेकडची बाल्कनी दिवसभर उन्हात असते आणि उत्तरेकडच्या बाल्कनीला थेट ऊन मिळत नाही. जूनमधले ऊन पाहून उत्तरेच्या बाल्कनीसाठी मोगरा किंवा गुलाब घेतला, तर नोव्हेंबरपासून त्याला कळी धरत नाही. निवड करताना वर्षभराचा विचार हवा. उत्तरेकडे मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेचे, अळू. पूर्वेकडे तुळस, कढीपत्ता, गवती चहा, गोकर्ण. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे मोगरा, जास्वंद, बोगनवेल, लिंबू, अशी ढोबळ विभागणी उपयोगी पडते. समोर उंच इमारत असेल तर दिशा कोणतीही असो, ऊन प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागते.

यादी कशी वाचावी

चांगल्या यादीत प्रत्येक रोपासमोर चार गोष्टी असतात: नाव व जात, ते बियांपासून केलेले आहे की कलम, पिशवीचा आकार आणि किंमत. उंची बहुतेक वेळा दिलेली असते, पण तिच्यापेक्षा पिशवीचा आकार अधिक सांगून जातो. ‘५ × ७’ किंवा ‘८ × १०’ असे लिहिलेले असते ते पिशवीचे इंचातले माप. छोट्या पिशवीतले दोन फुटी रोप बहुधा दाटीत, सावलीत ताणले गेलेले असते. त्याची कांडी लांब आणि कमकुवत असते. तेवढ्याच पिशवीतले फूटभर उंचीचे, जाड खोडाचे आणि खालपासून फुटवे असलेले रोप घेणे शहाणपणाचे.

बियांचे रोप की कलम, याचे उत्तर रोपागणिक बदलते. तुळस, गोकर्ण, झेंडू यांची बियांपासून केलेली रोपेच घेतात. कढीपत्ता बियांपासून किंवा मुळाशी फुटणाऱ्या पिलापासून वाढतो. सोनचाफा मात्र बियांपासून लावला तर फुलायला अनेक वर्षे घेतो आणि झाड फार उंच होते, तर त्याचे कलम कुंडीतही एक-दोन वर्षांत फुलू शकते. लिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच्या फांदीला साल काढून मुळे फोडवलेले कलम, बियांच्या रोपापेक्षा लवकर फळते. गुटीला सोटमूळ नसते, पण कुंडीत ती उणीव जाणवत नाही. डोळा भरलेल्या किंवा पाचर मारलेल्या कलमाला खाली खुंट आणि वर हवी ती जात असते. खुंटातून फुटणारा प्रत्येक धुमारा काढून टाकावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत वरची जात मागे पडते आणि खुंटाचेच झाड वाढते.

यादीतले काही शोभेचे नमुने स्थानिक नसतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम हा रोपवाटिकांचा मोठा पट्टा आहे. तिथून ट्रकने आलेली रोपे महाराष्ट्रभर विकली जातात. अशा रोपांची मुळे अनेकदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा वाळला तर पाणी आत शिरत नाही आणि भिजला तर लवकर सुकत नाही. भोवतालची माती ओली आणि मधला गोळा कोरडा, किंवा याच्या उलट, अशी स्थिती कुंडीत होऊ शकते. म्हणून रोप स्थानिक पिशवीतले आहे की बाहेरून आलेल्या गोळ्याचे, हे आधी विचारून घ्यावे.

काही रोपे पावसाळी यादीत असली तरी झडीच्या बाल्कनीसाठी घेऊ नयेत. अडेनियम आणि निवडुंग यांची खोडे पाणी साठवणारी असतात. मुळाशी ओल टिकली की ती आतून मऊ पडतात. बोगनवेल मरत नाही, पण सततच्या ओलीत पानेच काढते; तिची फुले कोरड्या दिवसांत येतात.

ऑर्डर देताना

छोट्या रोपवाटिकेत मागणी बहुधा मेसेजवर घेतली जाते, रोपांची उपलब्धता कळवली जाते, यूपीआयने पैसे भरल्यावर रोपे बाजूला काढली जातात आणि ठरलेल्या दिवशी टेम्पोने किंवा कुरिअरने पाठवली जातात. मागणी लिहिताना रोपांच्या नावांबरोबर बाल्कनीची दिशा, ऊन किती तास येते आणि झड आत येते का, एवढे कळवले तर विकणाऱ्यालाही योग्य रोप निवडून देता येते.

पैसे भरण्यापूर्वी चार मुद्दे स्पष्ट करून घ्यावेत. यादीतले छायाचित्र त्याच रोपाचे आहे की नमुन्याचे. मागितलेले रोप संपले असेल तर पैसे परत मिळतील की बदली रोप येईल. वाहतुकीचा खर्च रोपामागे आहे की वजनावर. आणि रोप मेलेले किंवा मोडलेले निघाले तर किती तासांत कळवायचे. भरपाईची मुदत अनेकदा एक-दोन दिवसांचीच असते आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ मागितला जातो. जास्वंद किंवा गुलाबाच्या रंगाची हमी रोपाला फूल असेल तरच खात्रीने देता येते, हेही ध्यानात ठेवावे.

टेम्पोने येणारी रोपे पिशवीसकट उभी येतात. कुरिअरची रोपे खोक्यात बंद असतात. वजन कमी करण्यासाठी त्यांची माती काही वेळा कमी केलेली असते आणि मुळांभोवती ओले कोकोपीट बांधलेले असते. बंद खोक्यात तीन-चार दिवसांपलीकडे रोप पिवळे पडू लागते. म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी रवाना होतील अशा बेताने मागणी द्यावी. शुक्रवारी निघालेले खोके रविवारच्या सुट्टीत गोदामात अडकते. कोकण-मुंबईत अतिवृष्टीचा इशारा असेल तर आठवडाभर थांबणे दोन्ही बाजूंच्या सोयीचे.

रोप आल्यावरचा पहिला आठवडा

खोके आल्याआल्या उघडून रोपे उभी करावीत. माती कोरडी वाटली तरच पाणी द्यावे. खालची दोन-चार पाने पिवळी होऊन गळणे हा प्रवासाचा परिणाम असतो. शेंडा टवटवीत असेल तर काळजीचे कारण नाही. पानांच्या मागची बाजू आणि पेरांचे बेचके मात्र नीट तपासावेत. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, कोवळ्या शेंड्यावर दाटलेले बारीक किडे म्हणजे मावा. नवी रोपे आठवडाभर जुन्या कुंड्यांपासून दूर ठेवली, तर कीड पसरण्याआधीच दिसते.

रोपवाटिकेत बहुतेक रोपे हिरव्या किंवा काळ्या शेडनेटखाली वाढतात. तिथून थेट उघड्या उन्हात ठेवली की पानांवर पांढुरके, भाजल्यासारखे डाग पडतात. पहिले चार-पाच दिवस आडोशाच्या उजेडात, नंतर दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात आणि मग कायमच्या जागी, असा क्रम ठेवावा. या आठवड्यात रोप पिशवीतच राहू द्यावे. प्रवास, नवी जागा आणि मुळांची हलवाहलव हे तिन्ही एकदम झाले तर पाने गळतात. मुळांवर माती नसलेले किंवा पिशवी फाटलेले रोप मात्र लगेच कुंडीत लावावे लागते.

कुंडी आणि मिश्रण

पुढे मोठे होणार म्हणून छोटे रोप एकदम मोठ्या कुंडीत लावण्याकडे कल असतो. पावसाळ्यात यामुळे नुकसान होते. मुळे मधल्या थोड्या मातीतलेच पाणी पितात, भोवतालची उरलेली माती ओलीच राहते आणि तिच्यात हवा खेळत नाही. पाच-सहा इंची पिशवीतल्या रोपाला आठ इंची, आठ इंची पिशवीतल्याला दहा इंची कुंडी पुरते. वर्षभराने पुढचे माप घ्यावे.

कुंडीच्या तळाला बोटाच्या जाडीची निदान चार-पाच छिद्रे असावीत. तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात बारीक कणांची माती पूर्ण भिजून चिंब झाल्याशिवाय तिच्यातले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. त्यामुळे तळाशी साचणारा ओला थर नाहीसा होत नाही. तो खडीच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर एखादे खापर किंवा जाळीचा तुकडा पुरेसा आहे, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून. कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटेच्या तुकड्यांवर किंवा स्टँडवर ठेवली की छिद्रे मोकळी राहतात.

निचरा खरोखर सुधारतो तो संपूर्ण मिश्रण भुसभुशीत असेल तर. आडोशाच्या बाल्कनीसाठी लाल माती, चाळलेले जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि भिजवून मोकळे केलेले कोकोपीट, तिन्ही समान मापाने घ्यावीत. झडीच्या बाल्कनीत कोकोपीटऐवजी जाड वाळू किंवा भाताचे तूस घ्यावे, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि तिथे पाण्याची कमतरता नसते. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर मातीतल्या किडींना थोडा आळा बसतो. काळी माती कुंडीत वापरू नये. ती भिजली की फुगते, कणांमधल्या पोकळ्या बुजवते आणि सुकली की भेगाळते.

मिश्रण जमले की नाही हे रोप लावण्यापूर्वीच कळते. भरलेल्या कुंडीत लिटरभर पाणी ओतावे. ते मिनिटभरात पृष्ठभागावरून आत शिरून थोड्याच वेळात खालून गळू लागले तर ठीक. वर डबके साचून राहिले तर आणखी वाळू किंवा तूस मिसळावे.

लावताना पिशवी ओढून काढू नये. ब्लेडने उभी कापावी. तळाशी गोल फिरलेली मुळे बोटांनी सैल करावीत, फार गुंतलेली कापून टाकावीत. चिकट गोळा असेल तर बाहेरचा अर्धा-एक इंच थर पाण्यात भिजवून हलकेच सोडवावा. पूर्ण धुऊन काढू नये, बारीक मुळे तुटतात. पिशवीत खोड जितके मातीत होते तितकेच कुंडीत ठेवावे. कलमाचा सांधा मातीच्या किमान दोन इंच वर हवा. सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून जाते. खोड जाड होऊ लागले की ती करकचते आणि रस वर जाणे अडते. सांधा पक्का जुळला आणि पट्टी घट्ट दिसू लागली की ती उभी कापून काढावी.

एका ऑर्डरचा हिशोब

समजा, डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशी पूर्वेकडची बाल्कनी आहे. सकाळी अकरापर्यंत ऊन येते आणि झड आत येत नाही. तिच्यासाठी कढीपत्ता, मोगरा, तुळस, गवती चहा आणि गोकर्ण अशी पाच रोपे निवडली. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागते, म्हणून त्याची जागा थेट कठड्याजवळ. गोकर्णाचा वेल ग्रिलवर चढेल. तुळस आणि गवती चहा त्यांच्या शेजारी. कढीपत्त्याला अर्धा दिवस ऊन चालते, त्यामुळे तो कोपऱ्यात.

कढीपत्ता आणि मोगरा आठ इंची पिशवीतले असतील तर त्यांना दहा इंची कुंड्या, बाकी तिघांना आठ इंची. निमुळत्या दहा इंची कुंडीत वरची बोटभर जागा सोडून साधारण नऊ लिटर मिश्रण मावते, आठ इंचीत पाच लिटर. दोन मोठ्यांचे अठरा आणि तीन छोट्यांचे पंधरा मिळून तेहेतीस लिटर झाले. पाणी दिल्यावर मिश्रण खाली बसते, म्हणून छत्तीस लिटर धरावे. बाल्कनी आडोशाची आहे, तेव्हा लाल माती, खत आणि कोकोपीट प्रत्येकी बारा लिटर लागेल. बाजारात मिळणारी ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजवल्यावर आठ-नऊ लिटर होते. म्हणजे दीड वीट पुरेल. मोजायला दहा लिटरची बादली वापरली की वजनकाट्याची गरज पडत नाही.

अशी यादी मांडली की एक गोष्ट लक्षात येते: रोपांपेक्षा कुंड्या, माती आणि खत यांचाच खर्च अनेकदा अधिक होतो. म्हणून स्वस्त मिळतात म्हणून दहा रोपे मागवण्यापेक्षा पाच रोपांची पूर्ण तयारी करणे फायद्याचे. तयार मिश्रण रोपवाटिकेतूनच घ्यायचे असेल तर त्यात काळी माती नाही आणि खत पूर्ण कुजलेले आहे, एवढे पाहावे. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, ओल्या मातीसारखा वास येतो आणि ते हाताला गरम लागत नाही.

बुधवारी रोपे आली तर पुढच्या बुधवारपर्यंत ती पिशवीत राहतील, त्यानंतर संध्याकाळच्या वेळी कुंडीत जातील. लावल्यावर खालून गळेपर्यंत एकदा पाणी द्यावे आणि पुन्हा दोन-तीन दिवस आडोशाला ठेवावे. तीन-चार आठवडे रासायनिक खत अजिबात घालू नये. तुटलेल्या मुळांना ते भाजते. नवा फुटवा दिसला की रोपाने मूळ धरले असे समजावे.

पावसाळ्यातले पाणी

या मोसमात पाण्याचे वेळापत्रक ठेवता येत नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. आत ओल लागली तर पाणी देऊ नये, कोरडे लागले तर खालून गळेपर्यंत द्यावे. वरचा थर ओला दिसतो म्हणून आत ओल असेलच असे नाही, आणि याच्या उलटही घडते. कुंडी किंचित उचलून तिचा जडपणा पाहण्याची सवय झाली की बोट घालण्याचीही गरज राहत नाही. एकाच बाल्कनीत कठड्याजवळच्या कुंडीला आठ दिवस पाणी लागणार नाही आणि भिंतीजवळच्या कुंडीला दर दोन दिवसांनी लागेल.

कुंडीखालच्या थाळ्या पावसाळ्यात काढून ठेवणे उत्तम. त्यांतले पाणी छिद्रांतून परत माती भिजवत राहते. शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. थाळी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

सततच्या पावसात मातीतले नत्र धुऊन जाते. जुनी, खालची पाने एकसारखी फिकी पडत गेली आणि माती चिंब नसेल, तर कारण बहुधा हेच असते. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळावे. त्याआधी खुरप्याने वरची एक-दीड इंच माती हलवावी, म्हणजे पावसाच्या थेंबांनी बसलेला पापुद्रा मोडतो आणि हवा आत जाते.

काय बिघडते आणि कसे ओळखावे

सर्वात घातक चूक कोमेजलेल्या रोपाला पाणी घालण्याची. तहानेने आणि मूळ कुजल्याने, दोन्ही वेळा रोप सारखेच मान टाकते, कारण कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. फरक मातीत कळतो. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर पाणी दिल्यावर काही तासांत पाने उभी राहतात. माती ओली असूनही पाने लोंबत असतील आणि कुबट वास येत असेल, तर मूळकूज आहे. रोप कुंडीतून काढून पाहावे. निरोगी मुळे पांढरट आणि कडक असतात. कुजलेली तपकिरी, मऊ असतात आणि ओढली की साल हातात येते.

अर्धी मुळे चांगली असतील तर रोप वाचू शकते. कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, वरच्या फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात, लहान कुंडीत ताजे आणि नुसते दमट मिश्रण भरून लावावे आणि आडोशाला ठेवावे. दोन दिवस पाणी देऊ नये. सगळीच मुळे काळवंडली असतील तर उपचारात वेळ घालवण्यापेक्षा हिरव्या फांद्यांची छाट कलमे करून घ्यावीत. मोगरा, जास्वंद आणि तुळस यांच्या बाबतीत हा उपाय साधतो. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

पावसाळ्यातल्या इतर तक्रारी त्या मानाने सोप्या आहेत. गोगलगायी रात्री कोवळी पाने खातात आणि मागे चकचकीत रेघ सोडतात. टॉर्च घेऊन वेचून काढणे हाच खात्रीचा मार्ग. जास्वंदीवरचे पिठ्या ढेकूण आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवावेत. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडे साबणाचे पाणी घालून पानांच्या खालूनही फवारावे. पाऊस नसलेली संध्याकाळ निवडावी, नाहीतर फवारा वाहून जातो. आठ दिवसांनी पुन्हा करावे लागते. कढीपत्ता आणि लिंबू यांची पाने कडेपासून कुरतडलेली दिसली आणि पानावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, पुढे हिरवी अळी आढळली, तर ती बहुधा फुलपाखराची असते. एक-दोन अळ्यांनी मोठे झाड मरत नाही. रोप अगदी लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडता येते.

हंगाम संपताना

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरमध्ये ऊन एकाएकी तापते. चार महिने ओलीत वाढलेल्या रोपांची पाने कोवळी आणि मुळे वरच्या थरात पसरलेली असतात, म्हणून या वेळी काही दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. झडीच्या बाल्कनीतल्या मिश्रणात वाळू किंवा तूस जास्त असल्याने ते लवकर सुकते; आता त्यावर कोरड्या पानांचे किंवा नारळाच्या काथ्याचे आच्छादन घालावे आणि पाण्याची तपासणी रोज करावी. मुळे छिद्रांतून बाहेर डोकावत असतील तर पुढचे माप हवे. ज्यांना ऊन कमी पडते असे दिसते त्यांची जागा याच वेळी बदलावी. जूनमध्ये लावलेले रोप ऑक्टोबरची उष्णता सोसून नवी पाने काढू लागले की ते कुंडीत स्थिरावले, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला नेहमीची निगा पुरते.